श्रॉफ बिल्डिंगखाली गेलेला फोन

लालबागमध्ये मोबाईलचं दुकान चालवणाऱ्याला दोन मोसम ठरलेले असतात. पावसाळ्यात भिजलेले फोन येतात आणि गणपतीत फोन गेलेली माणसं येतात. राजाची रांग, गणेशगल्ली, तेजुकाया, पलीकडे चिंतामणी. त्या दिवसांत आमच्या भागात फुटपाथवर पाऊल ठेवायला जागा नसते. सगळ्यात वाईट दिवस अनंत चतुर्दशीचा. राजा श्रॉफ बिल्डिंगसमोर थांबतो, वरून पुष्पवृष्टी सुरू होते आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचा हात फोनसकट वर जातो. खिशातला फोन काढायला चोराला हातसफाई लागते. हवेत धरलेला, लॉक उघडलेला, व्हिडिओ चालू असलेला फोन ओढायला एक धक्का पुरतो.

अशी माणसं काउंटरवर येऊन बहुतेक एकच वाक्य बोलतात. ‘नवीन सिम द्या आणि व्हॉट्सॲप चालू करून द्या.’ त्या वाक्यातला घोळ सोडवणं हे माझं त्या आठवड्यातलं खरं काम. कारण नवीन सिम म्हणजे नवा नंबर असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, आणि नवा नंबर घेतला की जुनं काहीच परत येत नाही.

2025 सालची गोष्ट सांगतो. 6 सप्टेंबरला, शनिवारी, विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्याच चाळींतल्या एका काकूंचा फोन श्रॉफ बिल्डिंगखाली गेला. काकू घरून फराळाचं काम करतात. चकली, अनारसे, करंज्या, चिवडा. परदेशातल्या पार्सलांच्या ऑर्डरी त्यांच्याकडे गणपतीतच यायला लागतात, आणि पत्ता, वजन, आगाऊ रक्कम हे सगळं व्हॉट्सॲपवर. रविवारी सकाळी सुनेला घेऊन त्या दुकानात आल्या. राजा तेव्हा अजून गिरगाव चौपाटीवरच होता, भरतीमुळे विसर्जन खोळंबलं होतं, आणि गल्लीतली सगळी माणसं टीव्हीसमोर बसली होती. काकूंना त्याचंही भान नव्हतं.

‘बाळा, एक नवीन नंबर दे. ऑर्डरी तरी दिसू देत.’

मी म्हटलं, ‘काकू, नवा नंबर घेतलात तर ऑर्डरी कधीच दिसणार नाहीत.’

त्यांना जे समजावलं ते इथे नीट मांडतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. व्हॉट्सॲपचं खातं नंबरावर असतं. चॅट फोनमध्ये असतात. आणि चॅटची बॅकअप प्रत, अँड्रॉइड असेल तर, गूगल खात्यात असते. फोन चोरीला गेला म्हणजे यातली मधली गोष्ट गेली. पहिली आणि तिसरी शाबूत आहे. पण ती बॅकअप प्रत ज्या नंबरावरून घेतली त्याच नंबराला उघडते. गूगल खातं तेच असलं तरी वेगळ्या नंबराला ती दिसतच नाही. म्हणून हवं असतं ते जुन्याच नंबरचं बदली सिम. नवा नंबर घेऊन जुना तसाच सोडला तर आणखी एक धोका राहतो. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते, आणि त्या नंबराला जोडलेले बँकेचे संदेश त्या माणसाकडे जायला लागतात.

काकूंनी एक गोष्ट चांगली केली होती. शेजारणीच्या फोनवरून कंपनीला फोन लावून सिम लगेच बंद करून घेतलं होतं. त्यामुळे चोराने ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी त्यावर एकही ओटीपी येणार नव्हता. पण सिम बंद म्हणजे व्हॉट्सॲप बंद नव्हे, हे लोकांना पटत नाही. सिम लागतं ते खातं पहिल्यांदा चालू करताना. एकदा चालू झालं की त्या फोनला वायफाय मिळालं तरी ते चालतं. काकूंचा फोन तर उघडा गेला होता. (पुढे 28 नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने असली ॲप सिमशी सतत जोडलेली असावीत असा आदेश काढला. त्याचा रोख परदेशातून भारतीय नंबर वापरून होणाऱ्या फसवणुकीवर होता, पण भोक हेच.)

सुनेच्या लॅपटॉपवर काकूंचं गूगल खातं उघडलेलं होतं, हे आमचं नशीब. android.com/find वर जाऊन आम्ही फोनला लॉक लावायचा आदेश दिला. आदेश गेला, पण पोचला नाही, कारण सिम बंद झाल्यामुळे फोनला इंटरनेटच नव्हतं. इथे क्रमाचा प्रश्न येतो. फोन जाताच शेजारी कुणाच्या हातात इंटरनेट असेल तर आधी तिथून लॉक लावावा, त्याला दोन मिनिटं लागतात, आणि मग सिम बंद करायला फोन करावा. उलट केलं तर लॉकचा आदेश फोन पुन्हा ऑनलाइन येईपर्यंत वाट बघत बसतो. पण पासवर्ड आठवत नसेल तर शोधत बसू नये; सरळ सिम बंद करावं. आदेश देताना पडद्यावर फोन पुसून टाकायचाही पर्याय दिसतो. तो मी लगेच दाबू देत नाही. फोन पुसला की त्याचा ठावठिकाणा दिसणं थांबतं, आणि त्या वेळेपर्यंत बॅकअप कुठवर आहे हे आपल्याला माहीतच नसतं.

तेच आधी बघायचं. लॅपटॉपवर गूगल ड्राइव्हमध्ये स्टोरेज उघडलं की बॅकअपची यादी मिळते. त्यात व्हॉट्सॲपचं नाव आणि तारीख असते. काकूंची तारीख होती 28 ऑगस्ट, म्हणजे गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस. सून म्हणाली, ‘पण रोज बॅकअप लावलेला होता.’ लावलेला होता, खरं आहे. पण 2024 पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या फुकट मिळणाऱ्या 15 जीबीतच मोजला जातो. आरतीचे, गौरीचे, शेजारच्या मंडळाचे व्हिडिओ साठत गेले, जागा भरली, आणि बॅकअप थांबला. फोनमध्ये त्याची सूचना आली असणार. गणपतीच्या धावपळीत ती कोण वाचतं?

म्हणजे 28 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर हे दिवस बॅकअपमध्ये नव्हते. आणि नेमक्या त्याच दिवसांत दिवाळीच्या पहिल्या ऑर्डरी आल्या होत्या.

त्या वाचल्या लॅपटॉपमुळे. ऑर्डरींचा हिशेब करायला सुनेने तिथे व्हॉट्सॲप वेब जोडून ठेवलं होतं. मुख्य फोन ऑफलाइन असला तरी जोडलेला संगणक 14 दिवसांपर्यंत चालतो. त्यामुळे तोवरचे सगळे निरोप तिथे दिसत होते. पण नव्या फोनवर खातं चालू केलं की जोडलेली सगळी उपकरणं आपोआप सुटतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. घाईने आधी नवा फोन चालू केला असता तर लॅपटॉपवरचं चित्र पुसलं गेलं असतं आणि बॅकअपमधून परत आलं असतं ते फक्त 28 ऑगस्टपर्यंतचं.

म्हणून रविवारची दुपार त्या दोघींनी दुकानात स्टुलावर बसून काढली. गेल्या दहा दिवसांतलं एकेक चॅट उघडायचं, ऑर्डरीचा मजकूर निवडून एका फाइलमध्ये उतरवायचा, पत्त्यांचे आणि पैसे भरल्याच्या पावत्यांचे फोटो उतरवून घ्यायचे. व्हॉइस नोटही एकेक करून. काकू नाव सांगत होत्या, सून शोधत होती. ‘न्यू जर्सीवाली, तिची अनारशांची आहे, ती आधी घे.’ हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही. वेबवरून अख्खं खातं एका बटणाने बाहेर काढता येत नाही.

त्याच लॅपटॉपवरून घरच्या आणि गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला: फोन चोरीला गेलाय, माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, कसलाही कोड मागितला तर सांगू नका. जोडलेल्या संगणकाचा आणखी एक उपयोग असतो. चोराने वायफाय मिळवून काकूंच्या नावाने कुणाला काही लिहिलं असतं तर ते या पडद्यावरही उमटलं असतं. तसं काही उमटलं नाही, म्हणजे फोन ऑफलाइनच होता, हे आम्हाला कळत होतं.

असा संगणक हाताशी नसेल आणि बदली सिम मिळायला वेळ लागणार असेल तर वेगळा रस्ता आहे. कुठल्याही ईमेलवरून support@whatsapp.com ला लिहायचं, मजकुरात “Lost/Stolen: Please deactivate my account” हे वाक्य आणि +91 लावून आपला पूर्ण नंबर. खातं निष्क्रिय होतं, पुसलं जात नाही. 30 दिवसांच्या आत त्याच नंबराने पुन्हा चालू करता येतं, आणि तोवर आलेले निरोप वाट बघत थांबतात. 30 दिवस उलटले की मात्र खातं कायमचं जातं. काकूंच्या बाबतीत मी तो मेल पाठवू दिला नाही, कारण सिम त्याच संध्याकाळी मिळायची आशा होती आणि लॅपटॉपवरचं काम अर्ध्यावर होतं.

सिमला उशीर का? कारण ते काकूंच्या नावावर नव्हतंच. बारा वर्षांपूर्वी मुलाने घेऊन दिलेलं, त्याच्या आधारवर. बदली सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळतं, ओळख पटवून. मुलगा डोंबिवलीला राहतो. मेगाब्लॉक सांभाळत तो दुपारनंतर आला, आई-मुलगा कंपनीच्या दालनात गेले, आणि दिवेलागणीला सिम चालू झालं. मधल्या वेळात पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून त्यांनी प्रत घेतली होती. तिथे आयएमईआय विचारतात, 15 आकडी. फोन हातात असेल तर *#06# लावून तो दिसतो, पण फोन गेल्यावर तो खोक्यावर किंवा बिलावरच सापडतो. काकूंच्या घरी खोकं होतं. त्यात लवंगा ठेवल्या होत्या.

नवं सिम नव्या फोनमध्ये घातलं की माणसाला वाटतं, झालं. इथेच लोक पुन्हा दुकानात येतात, ‘कोडच येत नाही’ म्हणून. त्यात बिघाड काही नसतो. सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येतही नाही आणि जातही नाही, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. कुणी फसवून आपल्या नंबरचं सिम काढलं तर त्याला लगेच बँकेचे ओटीपी मिळू नयेत म्हणून तो केलाय. नियम चांगला आहे, पण त्याचा फटका खऱ्या मालकालाही बसतो. त्या 24 तासांत यूपीआय ॲपही जोडता येत नाही, कारण त्याला फोनमधून एसएमएस जावा लागतो.

मग व्हॉट्सॲप? त्याला दुसरी वाट आहे. नंबर टाकल्यावर एसएमएसची वाट बघायची मुदत संपू द्यायची, मग फोन करून कोड सांगा असा पर्याय येतो, तो निवडायचा. बंदी एसएमएसवर असते, फोन येतो. एक आवाज सहा आकडे सांगतो. कागद-पेन घेऊन बसायचं. पण हे करण्याआधी नव्या फोनमध्ये गूगल खातं घालणं झालेलं असलं पाहिजे, आणि तिथे पेच असतो. गूगलही पडताळणी मागतं. कधी एसएमएसवर, जो येणार नाही, तर कधी जुन्या फोनवर, जो चोराकडे आहे. आम्ही लॅपटॉपवरच्या उघड्या खात्यातून, सुरक्षा विभागात जाऊन, बॅकअप कोड काढले. दहा कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे, एकेक एकदाच चालतो. त्यातला एक वापरून नवा फोन आत आला. लॅपटॉप नसता तर बहुतेक सोमवार संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि थांबणंच बरं होतं. पुढचा टप्पा घाईने करायचा नाही.

पुढचा टप्पा म्हणजे कोड भरल्यानंतर येणारा पडदा. बॅकअप सापडला, तारीख अमुक, आकार तमुक, परत आणायचा का? तिथे बाजूला ‘Skip’ असतं. ‘नंतर बघू’ म्हणून लोक ते दाबतात. मग रिकामं व्हॉट्सॲप उघडतं, आणि रात्री दोनच्या सुमाराला ते रिकामं व्हॉट्सॲप स्वतःचा बॅकअप घेतं. नंबर तोच, गूगल खातं तेच, त्यामुळे नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो. चोराने जे नेलं नव्हतं ते असं आपल्याच हाताने जातं. चुकून दाबलं गेलंच तर त्याच दिवशी, रात्र होण्याआधी, ॲप काढून पुन्हा घालावं. परत आणायचा पडदा पुन्हा येतो. आणि तो पडदा मुळात आलाच नाही, तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा गूगल खातं दुसरं असतं. मुलाच्या खात्यात बॅकअप आणि फोनमध्ये आईचं खातं, असं घराघरात असतं.

काकूंचा पडदा आला. दुकानाच्या वायफायवर, चार्जर लावून, आधी मजकूर परत आला. फोटो-व्हिडिओ मागाहून रात्रभर उतरत राहिले. कोड भरला त्याच क्षणी चोरीच्या फोनवरचं खातं सुटलं आणि सुनेचा लॅपटॉपही सुटला. शनिवार दुपारनंतर पाठवलेले निरोप हळूहळू आत आले. काही गिऱ्हाइकांनी विचारलं, ‘तुमचा सुरक्षा कोड बदललाय असं दिसतंय, तुम्हीच ना?’ फोन बदलला की समोरच्याला तशी सूचना दिसू शकते. काकूंनी प्रत्येकीला फोन केला. ही सवय चांगली आहे. विचारणारीनेही बरोबरच विचारलं.

चॅट नीट आले आहेत हे पाहिल्यावर मग दोन-टप्पी पडताळणीचा सहा आकडी पिन लावला आणि त्याला ईमेल जोडला. त्या पिनचं महत्त्व मला दुसऱ्याच एका गिऱ्हाइकामुळे कळलं होतं. त्या मुलाने सिम बंद करायला दोन दिवस लावले. तेवढ्यात चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, एसएमएसवर कोड मिळवला, खातं चालू केलं आणि स्वतःचा पिन लावून टाकला. बदली सिम आल्यावर मुलाने सहा आकडी कोड भरला तेव्हा चोर खात्याबाहेर गेला, पण पिन माहीत नसल्यामुळे मुलगाही आत जाऊ शकला नाही. पिनशिवाय आत यायला व्हॉट्सॲप सात दिवस थांबायला लावतं. सात दिवसांनी खातं मिळालं, बॅकअपही मिळाला. पिन आधीच लावलेला असता तर चोराला नुसत्या एसएमएसवर खातं चालू करता आलं नसतं. सिमलाही वेगळा पिन लावता येतो; तो असला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर चालतच नाही.

सोमवारी एसएमएस सुरू झाल्यावर संचार साथीच्या सीईआयआर सेवेवर आयएमईआय बंद करायचा अर्ज भरला. महाराष्ट्रात ही सेवा 2019 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि मे 2023 पासून देशभर आहे. पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, आणि ओटीपी त्याच नंबरावर येतो, म्हणून बदली सिमचे 24 तास इथेही मोजावे लागतात. आयएमईआय बंद झाला की त्या फोनमध्ये देशातलं कुठलंच सिम चालत नाही. वायफाय चालतं; म्हणून अर्ज झाल्यावर मग गूगलवरून फोन पुसायचा आदेश दिला. आता त्यातून परत मिळवायचं असं काही राहिलं नव्हतं.

यानंतर मी प्रत्येकाला एक ताकीद देतो. नव्या सिमवर काही दिवसांनी संदेश येऊ शकतो: तुमचा फोन सापडला, जागा बघायला या लिंकवर पासवर्ड किंवा जुन्या फोनचा लॉक कोड टाका. आयफोनवाल्यांना तर हमखास. चोराला फोन विकायला तेवढंच हवं असतं. पोलीस फोन सापडला तर बोलावून घेतात, पासवर्ड विचारत नाहीत.

काकूंचं काय गेलं? ज्या चॅट लॅपटॉपवर नीट उतरवता आल्या नाहीत त्यांतले काही व्हॉइस नोट, आणि घरच्या ग्रुपवरचे गौरीचे फोटो. फोटो जावेने पुन्हा पाठवले. समोरच्याच्या फोनमध्ये आपल्या चॅटची दुसरी प्रत असतेच. ती मागायला लाजू नये. ऑर्डर एकही चुकली नाही.

त्या महिन्यात काकूंनी आणखी एक काम केलं. मुलाला पुन्हा डोंबिवलीहून बोलावलं आणि नंबर स्वतःच्या नावावर करून घेतला. बारा वर्षं ज्या नंबरावर धंदा चालला तो कागदोपत्री त्यांचा नव्हताच. मुलगा चांगला, डोंबिवलीही जवळ, म्हणून एका संध्याकाळीत निभावलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा नंबर वारलेल्या नवऱ्याच्या नावावर होता, आणि त्या बाईंना बदली सिमच्या आधी मृत्यूचा दाखला शोधावा लागला. म्हणून आता ऑगस्ट लागला की काच बदलायला आलेल्यालाही मी दोन प्रश्न विचारतो: शेवटचा बॅकअप कधीचा आहे, आणि सिम कुणाच्या नावावर आहे? पहिल्याचं उत्तर फोनमध्येच मिळतं. दुसऱ्याचं उत्तर बरेच जण घरी विचारून सांगतो म्हणतात.